व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबर कुठे छापायचा आणि देशाच्या कोडसकट का

एक कार्ड डोळ्यांसमोर आणा. लंडनमध्ये काम करणाऱ्या एका भाषांतरकार बाईंचं. वर नाव, त्याखाली व्यवसाय, मग ईमेल, आणि अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत फोन नंबर: 020 7946 0123. (हा नंबर प्रत्यक्षात कुणाचाच नाही. ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था ऑफकॉम नाटक-सिनेमांत दाखवण्यासाठी काही नंबर राखून ठेवते, त्यांतला हा एक. म्हणून तो इथे बिनधास्त वापरता येतो.)

एका बैठकीत बाईंनी हे कार्ड अॅमस्टरडॅमहून आलेल्या एका प्रकाशकाला दिलं. काही महिन्यांनी त्यांना भाषांतराचं काम द्यायचं ठरलं. प्रकाशकांनी कार्ड काढलं, ऑफिसच्या फोनवरून कार्डावर होते तसेच अंक फिरवले, आणि फोन काही बाईंना लागला नाही. कारण 020 हा लंडनचा एरिया कोड आहे तसाच तो अॅमस्टरडॅमचाही आहे. तिथे 020 च्या पुढे सात अंक लागतात, लंडनला आठ. त्यामुळे अॅमस्टरडॅमच्या एक्स्चेंजने हा आपल्याच गावातला 020 794 6012 आहे असं धरलं आणि शेवटचा 3 उरला. असा नंबर तिथे कुणाकडे असेल तर त्या भल्या माणसाच्या घरी घंटी वाजेल, नसेल तर ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ अशी ध्वनिफीत ऐकू येईल. दोन्हींत बाईंना काही कळणार नाही. कार्डामुळे हुकलेल्या फोनचं हेच वाईट असतं. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे मिस्ड कॉलसुद्धा पडत नाही.

बाईंनी नंबर चुकीचा छापला होता का? लंडनमध्ये बसून पाहिलं तर अजिबात नाही. फक्त तो अपुरा होता. ‘कोपऱ्यावरून डावीकडे वळा, तिसरं घर’ हा पत्ता त्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला पुरतो, दुसऱ्या शहरातल्या माणसाला तो भलत्याच दारात नेऊन सोडतो. देशांतर्गत पद्धतीने लिहिलेला नंबर असाच असतो: तो कुठून फिरवला जातोय यावर त्याचा अर्थ ठरतो. कार्ड तर खिशातून फिरण्यासाठीच छापतात, म्हणून त्यावरचा नंबर कुठूनही एकाच जागी पोचला पाहिजे.

सुरुवातीचं शून्य नेमकं काय करतं

020 7946 0123 हा नंबर उलगडून पाहू. शेवटचे आठ अंक, म्हणजे 7946 0123, हा बाईंच्या जोडणीचा नंबर. त्याआधीचा 20 हा लंडनचा एरिया कोड. आणि अगदी सुरुवातीचं शून्य? ते नंबरात मोडतच नाही. ब्रिटनमधल्या एक्स्चेंजला दिलेली ती सूचना आहे: ‘आता एरिया कोड येतोय, त्या हिशेबाने वाच.’ तांत्रिक भाषेत याला ट्रंक प्रीफिक्स म्हणतात. देशाच्या आत फोन करताना ते लागतं. देशाबाहेरून आलेल्या कॉलला लागत नाही, कारण देशाचा कोड लागला की पुढे एरिया कोडच येणार हे आधीच ठरलेलं असतं.

म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिताना हे शून्य गळतं आणि त्याच्या जागी ब्रिटनचा कोड 44 येतो. त्याच्या आधी अधिकचं चिन्ह. झाला नंबर:

+44 20 7946 0123

या मांडणीमागे एक जागतिक करार आहे. जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना देशांना कोड नेमून देते आणि नंबर कसे बांधायचे याचं ‘ई.१६४’ नावाचं मानक ठेवते. देशाचा कोड एक ते तीन अंकांचा, आणि कोड धरून पूर्ण नंबर जास्तीत जास्त १५ अंकांचा, हा त्यातला मुख्य नियम. या व्यवस्थेतली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे एका देशाचा कोड दुसऱ्या कोडची सुरुवात कधीच होत नाही. 44 एकदा ब्रिटनला दिल्यावर 441 किंवा 447 असा कोड कुठल्याच देशाला मिळत नाही. त्यामुळे नंबर सलग, मध्ये एकही जागा न सोडता लिहिला तरी देशाचा कोड कुठे संपतो हे यंत्राला डावीकडून वाचत जाताना आपोआप कळतं. मधल्या जागा फक्त माणसांच्या डोळ्यांसाठी असतात, आणि त्यांचा विचार करताना फक्त माणसाचा विचार केला की पुरतं.

अधिकच्या चिन्हाऐवजी 00 का चालत नाही

बऱ्याच कार्डांवर 0044 20 7946 0123 असं दिसतं. युरोपातल्या बहुतेक देशांत देशाबाहेर फोन करायला आधी 00 फिरवतात, म्हणून छापणाऱ्याला ते सगळीकडे तसंच असेल असं वाटतं. पण अमेरिका आणि कॅनडात त्यासाठी 011 लागतो, जपानमध्ये 010, ऑस्ट्रेलियात 0011. म्हणजे 00 छापलेलं कार्ड न्यूयॉर्कमधल्या माणसाच्या हातात गेलं की त्याने आधी ते 00 ओळखून काढून टाकायचं, मग आपला 011 लावायचा. यातलं काही त्याला माहीत असेलच असं नाही, आणि त्याने ते शिकावं अशी अपेक्षाही करू नये.

अधिकचं चिन्ह हे या सगळ्यांच्या वतीने उभं असतं. ‘तुमच्या देशातून बाहेर पडायला जे काही फिरवता, ते इथे फिरवा’ एवढाच त्याचा अर्थ. मोबाइलवर तर तेवढंही करावं लागत नाही. डायल पॅडवर शून्य दाबून धरलं की + उमटतं, आणि फोन लावताना मोबाइल ते चिन्ह अंक म्हणून पाठवतच नाही. सोबत ‘हा नंबर आंतरराष्ट्रीय प्रकारचा आहे’ अशी खूण पाठवतो. पुढचा मार्ग नेटवर्क पाहून घेतं. माणूस रोममध्ये असो की टोकियोत, फोनमध्ये साठवलेला +44 20 7946 0123 एकाच ठिकाणी वाजतो.

इथे एक शंका हमखास येते. कार्ड बहुतेक वेळा आपल्याच देशातल्या लोकांना द्यायचं असेल, तर त्यांना देशाच्या कोडचा त्रास नाही का होणार? मोबाइलवरून नाही होत. लंडनमध्ये उभं राहून +44 20 7946 0123 लावला तरी तो सरळ लागतो; नेटवर्क ओळखतं की हा आपल्याच देशातला आहे. अडतं ते जुन्या पद्धतीच्या लँडलाइनवर, जिथे + दाबायची सोयच नसते. पण तिथला माणूस आपल्या देशाचा कोड ओळखतो आणि त्याच्या जागी शून्य फिरवतो. तुमची बहुतेक गिऱ्हाइकं लँडलाइनवरून फोन करणारी आणि वयस्कर असतील, तर दोन ओळी छापायला हरकत नाही: वर (020) 7946 0123, आणि त्याखाली +44 20 7946 0123, अशा की खालचे-वरचे अंक एकाखाली एक यावेत. नंबर कसे लिहावेत यासाठी ‘ई.१२३’ नावाची जी शिफारस आहे, तिच्यातही देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय नंबर असे एकाखाली एक दाखवले आहेत. बाकी सगळ्यांना माझ्या मते एकच ओळ पुरे.

कंसातलं शून्य

आता सगळ्यात जास्त आढळणाऱ्या चुकीकडे येऊ. दोन ओळींची जागा वाचवायला लोक दोन्ही पद्धती एकाच ओळीत कोंबतात:

+44 (0)20 7946 0123

लिहिणाऱ्याच्या मनात असतं की देशातल्याने शून्य घ्यावं, बाहेरच्याने सोडावं. पण हे वाचणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्याच्या देशात ट्रंक प्रीफिक्स नावाची गोष्टच नाही, स्पेनमध्ये किंवा डेन्मार्कमध्ये ती नाही, त्याला कंस म्हणजे ‘हा एरिया कोड’ एवढंच कळणार. तो +44 020 7946 0123 फिरवतो आणि बहुतेक वेळा फोन लागत नाही. यंत्राचंही तसंच. कार्डाचा फोटो काढून त्यावरून नंबर उचलणारं अॅप पुष्कळदा कंस गाळून टाकतं आणि आतलं शून्य ठेवून देतं, कारण त्याच्या दृष्टीने तो अंक आहे. संपर्कांच्या यादीत नंबर साठतो, बरोबर दिसतो, आणि महिन्यांनी फोन करायची वेळ आली की मगच चूक उघडी पडते. ‘ई.१२३’ या बाबतीत स्पष्ट आहे: आंतरराष्ट्रीय नंबरात कंस वापरू नयेत, गट पाडायला नुसती जागा सोडावी.

शून्य गाळायचा नियम मात्र डोळे मिटून लावायचा नाही. इटलीत लँडलाइनच्या सुरुवातीचं शून्य हे नंबराचाच भाग आहे. रोमचा नंबर बाहेरून फिरवतानाही +39 06 असाच सुरू होतो. शून्य काढलंत तर नंबर मोडला. रशियात शून्याऐवजी 8 असतो: देशात 8 495 ने सुरू होणारा मॉस्कोचा नंबर बाहेरच्यांसाठी +7 495 होतो. हंगेरीत दोन अंक गळतात; बुडापेस्टचा 06 1 बाहेरून +36 1 होतो. अर्जेंटिनाचे मोबाइल सगळ्यांत फसवे आहेत. देशात ब्युनोस आयरिसचा मोबाइल 011 15 ने सुरू होतो, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत शून्य जातं, 15 जातो, आणि देशाच्या कोडनंतर एक 9 येऊन बसतो: +54 9 11. अमेरिकेत उलट प्रकार. तिथे देशाचा कोड 1 आणि लांबच्या कॉलसाठी आधी फिरवायचा अंकही 1, म्हणून (212) 555-0123 चं +1 212 555 0123 करणं सोपं वाटतं. पण नेमक्या या सोपेपणामुळे तिथल्या कार्डांवर 1-212 असं बिनचिन्हाचं छापलं जातं आणि बाहेरचा माणूस तो 1 आपल्या देशातला अंक समजून फिरवतो. चिन्ह हवंच.

तुमच्या देशाचा नियम काय आहे याची खात्री करायचा साधा मार्ग: दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर, तुमचा नंबर साठवलेला नसताना, +सकट पूर्ण नंबर हाताने टाकून लावून पाहा. आपल्याच देशात बसूनही ही चाचणी होते. लागला तर तोच छापा.

अंकांचे गट

जागा सोडणं डोळ्यांसाठी आहे असं वर म्हटलं, तर त्याचं थोडं. माणूस कार्डावरून अंक वाचतो, दोन-चार अंक मनात धरतो, फोनवर टाकतो आणि पुन्हा कार्डाकडे पाहतो. त्यामुळे दोन ते चार अंकांचे गट हाताळायला सोपे जातात. गट शक्यतो तुमच्या देशातले लोक पाडतात तसेच ठेवा, कारण नंबर तोंडी सांगतानाही तीच लय येते.

पण गट चुकीच्या जागी तोडला तर तो खोटी माहिती देतो. लंडनमध्ये हे अजून होतं. १९९० च्या दशकात तिथे 0171 आणि 0181 असे दोन कोड होते. २००० साली दोन्ही जाऊन 020 हा एकच कोड आला आणि जुन्या कोडमधला 7 किंवा 8 पुढच्या नंबराला जोडला गेला. लोकांच्या मनात मात्र ‘0207’ हाच कोड म्हणून बसला, आणि कार्डांवर 0207 946 0123 छापलं जाऊ लागलं. पूर्ण नंबर फिरवणाऱ्याला फरक पडत नाही. पण लंडनमधल्याच लँडलाइनवरून कोड वगळून फोन करणारा माणूस 946 0123 फिरवेल आणि एक अंक कमी पडेल. +44 20 7946 0123 असं छापलं की कोड आणि नंबर यांची सीमा जिथे आहे तिथेच दिसते.

टिंबं, तिरक्या रेघा आणि गटांच्या मधल्या नक्षीदार खुणा टाळाव्यात. 020.7946.0123 हे देखणं दिसतं म्हणून डिझायनरना आवडतं, पण घाईत बघणाऱ्याला ते वेबसाइटच्या पत्त्यासारखं भासतं. तिरकी रेघ बहुतेक लोक ‘किंवा’ म्हणून वाचतात. साधी मोकळी जागा कुणालाच बुचकळ्यात टाकत नाही.

आता जागा

नंबर नीट लिहून झाला. तो कार्डावर कुठे बसवायचा हे ठरवताना कार्ड सुंदर कसं दिसेल याआधी, ते मिळालेला माणूस त्याचं काय करतो हे पाहावं लागतं. आणि तो तीनच गोष्टी करतो. हातात धरून नंबर टाइप करतो, टेबलावर ठेवून फोटो काढतो, किंवा फाइलला स्टेपल करून अथवा कार्डांच्या पाकिटात सरकवून विसरतो आणि नंतर शोधतो.

हातात धरल्यावर अंगठा कार्डाच्या कडेवर, बहुतेकदा खालच्या कोपऱ्याजवळ येतो. म्हणून बाईंच्या कार्डावरचा तळाच्या कोपऱ्यातला नंबर ही सगळ्यात वाईट जागा. वाचताना अंगठा हलवावा लागतो, फोटोत त्याची सावली पडते. स्टेपलची पिन वरच्या डाव्या कोपऱ्यात बसते आणि पाकिटाच्या कप्प्याची कड खालची पट्टी झाकते. या सगळ्यातून सुटणारी जागा म्हणजे नावाच्या खालचा मधला पट्टा. तिथेच नंबर असावा: नाव, व्यवसाय, थोडी मोकळी जागा, आणि मग संपर्काच्या ओळींत पहिली ओळ फोनची. ईमेल तिच्याखाली, पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ता लांबलचक असतो आणि आधी आला तर नंबर त्याच्या शेपटीला जातो.

नावाच्या बाजूलाच असण्याचं आणखी एक कारण आहे. नंबर आणि नाव एका नजरेत, एका फोटोत आले पाहिजेत. पुढच्या बाजूला नुसतं नाव आणि बोधचिन्ह, मागच्या बाजूला नंबर, अशी कार्डं हल्ली खूप दिसतात. दिसायला शांत असतात, पण फोटो काढणारा एकच बाजू टिपतो. मग त्याच्याकडे एक तर नंबराशिवाय नाव उरतं, किंवा कुणाचा ते न कळणारा नंबर. दोन भाषांचं दोन बाजूंनी छापलेलं कार्ड असेल तर नंबर दोन्ही बाजूंना द्या, आणि दोन्हीकडे 0 ते 9 हे जगभर चालणारेच अंक वापरा. मजकूर कुठल्याही लिपीत असो, नंबर फिरवणाऱ्याच्या डायल पॅडवर हेच अंक असतात.

मापं घेऊन पाहू. युरोपात चालणारं कार्ड ८५ × ५५ मिलिमीटरचं असतं. छपाईची फाइल चारी बाजूंनी ३ मिलिमीटर मोठी, म्हणजे ९१ × ६१ करतात, कारण कटिंगचं पातं थोडं इकडेतिकडे सरकतं. त्याच कारणाने आतल्या बाजूलाही ५ मिलिमीटर सोडावेत. उरली ७५ × ४५ ची जागा. ९ पॉइंटच्या साध्या अक्षरांत +44 20 7946 0123 ही ओळ साधारण २३ मिलिमीटर लांब होते, म्हणजे उपलब्ध रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. देशांतर्गत नंबराच्या तुलनेत देशाच्या कोडने वाढलेली लांबी जेमतेम ४ मिलिमीटर आहे. ‘कोड टाकायला जागाच नाही’ असं प्रेसमध्ये किंवा डिझायनरकडून ऐकलं तर पट्टी घेऊन मोजा. जागा दुसऱ्याच कशाने तरी खाल्लेली असते, बहुधा तीन-चार नंबर छापण्याच्या हौसेने. ऑफिस, घर, मोबाइल, दुसरा मोबाइल असे चार नंबर दिले की समोरच्याला त्यांतून निवडायचं काम मिळतं. तुम्ही स्वतः उचलता तो एक नंबर छापा.

नंबराची ओळ तुटू देऊ नका. ‘+44 20 7946’ एका ओळीत आणि ‘0123’ पुढच्या ओळीत गेलं की फोटोवरून वाचणारं अॅप त्यांचे दोन तुकडे करू शकतं. डिझायनरला सांगा की गटांच्या मध्ये साधी स्पेस न वापरता ओळ न तोडणारी, म्हणजे नो-ब्रेक स्पेस वापर. त्यालाही हे माहीत असतं, पण सांगितल्याशिवाय घाईत राहून जातं.

अक्षरांचा आकार ८ पॉइंटच्या खाली नेऊ नये. चाळिशीनंतरच्या डोळ्यांसाठी ९ बरा. फॉन्ट निवडताना अंक छापून बघा, नुसती अक्षरं नाहीत. काही फॉन्टमध्ये जुन्या वळणाचे अंक असतात: काही ओळीखाली उतरतात, काही वर चढतात, आणि शून्य इंग्रजी ओ अक्षरासारखं बुटकं दिसतं. जॉर्जिया हा त्यांतला सर्वांना माहीत असलेला. परिच्छेदात असे अंक छान मिसळतात, पण फोन नंबरात ते वाचायला जड जातात. सगळे अंक एकाच उंचीचे, 1 आणि 7 वेगळे ओळखू येणारे, 6 आणि 8 यांची पोटं न मिटलेली, एवढं तपासा. करड्या फिक्या शाईत किंवा चमकत्या सोनेरी फॉइलमध्ये नंबर नको. फॉइलवर उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला अर्धे अंक पांढरे दिसतात. आणि + हे चिन्ह अंकांच्याच रंगात आणि जाडीत हवं. शोभेसाठी ते फिकं किंवा बारीक केलं आणि छपाईत उडालं, तर उरलेला 44 20 7946 0123 हा भलतीकडेच लागणारा किंवा मुळीच न लागणारा नंबर होतो.

फोनमध्ये गेल्यावर

आज बहुतेक लोक कार्ड मिळाल्यावर आधी नंबर साठवतात आणि फोनच्या आधी व्हॉट्सअॅपवर शोधतात. तिथे देशाच्या कोडचं महत्त्व आणखी वाढतं. कोडशिवाय साठवलेला नंबर व्हॉट्सअॅप साठवणाऱ्याच्या देशातला धरतं. बाईंचा मोबाइल 07700 900123 (हाही राखीव नंबर) असा छापला आणि प्रकाशकांनी तसाच साठवला, तर अॅप तो नेदरलँड्समध्ये शोधतं आणि बाई तिथे दिसत नाहीत. प्रकाशक समजतात, या व्हॉट्सअॅप वापरत नाहीत. +44 7700 900123 साठवला की त्या लगेच दिसतात.

कार्डावर क्यूआर कोड टाकणार असाल तर त्याच्या पोटातही नंबर याच पद्धतीने, पण जागा न सोडता लिहिलेला हवा. फोन लावण्याची लिंक, संपर्क साठवणाऱ्या व्हीकार्डमधली फोनची ओळ आणि व्हॉट्सअॅपची लिंक अशा दिसतात:

```
tel:+447700900123
TEL;TYPE=CELL:+447700900123
https://wa.me/447700900123
```

तिसऱ्या ओळीत + नाही हे नजरेतून सुटू देऊ नका. व्हॉट्सअॅपची लिंक देशाच्या कोडने सरळ सुरू होते. आणि क्यूआर असला तरी नंबर अंकांतही छापा. कार्ड मळतं, दुमडतं, कुणी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढतं. अंक तेव्हाही वाचता येतात.

छापायच्या आधी

एकाच माणसाचं कार्ड असेल तर चुका डिझाइनमध्ये होतात. ऑफिसातल्या पन्नास जणांची कार्डं असतील तर त्या बहुधा एक्सेलच्या यादीत होतात. कुणी रकान्यात +442079460123 असं सलग टाइप करतं. एक्सेलला ते गणितातली संख्या वाटते, ते पुढचं चिन्ह काढून टाकतं आणि संख्या मोठी असल्यामुळे ती 4.42079E+11 अशी दाखवतं. देशांतर्गत पद्धतीने 02079460123 टाकलं तर पुढचं शून्य उडतं. यादी तशीच प्रेसकडे जाते आणि तिथे कुणीतरी अंदाजाने दुरुस्त करतं. उपाय सोपा आहे, फक्त तो टाइप करण्याआधी करायचा असतो: फोन नंबरच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा आणि मग नंबर जागांसकट, कार्डावर हवा तसा भरा. आधीच उडालेलं चिन्ह नंतर प्रकार बदलून परत येत नाही.

कार्यालयाचा एकच नंबर आणि प्रत्येकाचं वेगळं एक्स्टेन्शन असेल, तर ते मुख्य नंबरानंतर स्वल्पविराम देऊन शब्दासकट लिहा: +44 20 7946 0123, एक्स्टेन्शन 24. नुसतं आडव्या रेघेने 24 जोडलं तर लोक ते नंबराचेच शेवटचे अंक समजून फिरवतात. फुकट लागणारे 0800 सारखे नंबर देशाबाहेरून पुष्कळदा लागतच नाहीत, म्हणून असा नंबर कार्डावरचा एकुलता एक नंबर असू नये.

प्रेसकडून प्रूफ आलं की ते कागदावरच मागा, किंवा निदान खऱ्या मापात छापून घ्या. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं कार्ड नेहमीच वाचता येतं. मग ते प्रूफ दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, जिला किंवा ज्याला तुमचा नंबर पाठ नाही. त्या माणसाने कार्ड एका हातात धरून, फक्त छापलेलं वाचून, +पासून शेवटच्या अंकापर्यंत टाइप करून फोन लावावा. मग त्याच कार्डाचा फोटो काढून त्यातला नंबर बोटाने दाबून लावावा. आपण स्वतः ही चाचणी केली तर बोटं सवयीने बरोबर अंक दाबतात आणि छापलेली चूक दिसत नाही. दोन्ही वेळा तुमचा फोन वाजला की छपाईला होकार द्या.